रस तापवायला किती नळ्या लागतात?

साखर कारखान्यात रसाचा पाक होतो, तेव्हा रसातलं बहुतेक पाणी वाफ होऊन निघून जातं. शंभर किलोत १५ किलो विरघळलेले पदार्थ असलेला रस ६० किलोच्या प्रमाणापर्यंत आटवला, तर दर शंभर टन रसामागे ७५ टन पाणी उडतं. इव्हॅपोरेटरच्या एका भांड्यातली वाफ पुढच्या भांड्याला, हीटरला, पॅनला उष्णता देते आणि पुन्हा पाणी होते. या पाण्याला कारखान्यात कंडेन्सेट म्हणतात. ते स्वच्छ असतं आणि चांगलंच कढत असतं. त्याच वेळी गिरणीतून नुकता निघालेला रस ३०-३२ अंशांवर असतो आणि चुना व गंधकाच्या प्रक्रियेआधी त्याला ७० अंशांच्या पुढे न्यायचं असतं. एकाकडे नको असलेली उष्णता आहे आणि दुसऱ्याला ती हवी आहे. त्यांना न मिसळता शेजारून नेलं की काम होतं. हे शेजारून नेणारं यंत्र म्हणजे शेल अँड ट्यूब हीट एक्सचेंजर. एका लांब नळकांड्यात नळ्यांचा जुडगा बसवलेला असतो. नळ्यांतून एक द्रव जातो, नळ्यांच्या बाहेरून, म्हणजे शेलमधून, दुसरा.

हे यंत्र विकत घेताना पहिला प्रश्न येतो तो क्षेत्रफळाचा. नळ्यांची मिळून किती चौरस मीटर भिंत लागेल? याचं उत्तर काढण्याच्या पद्धतीला लॉग मीन टेम्परेचर डिफरन्स, थोडक्यात एलएमटीडी, म्हणतात. सूत्र एका ओळीचं आहे, पण त्यातून आलेला आकडा म्हणजे यंत्र नव्हे. आकडा आणि यंत्र यांच्यामधल्या वाटेवरच बरेच निर्णय चुकतात, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू.

तासाला १०० टन रस हाताळणारा कारखाना घेऊ. रस ३२ अंशांवरून ६० अंशांवर न्यायचा आहे, पुढचं तापवणं नेहमीप्रमाणे वाफेवर होईल. तासाला १०० टन म्हणजे सेकंदाला २७.८ किलो. एक किलो रस एक अंशाने तापवायला सुमारे ३.८ किलोज्यूल लागतात, पाण्यापेक्षा थोडे कमी, कारण त्यात साखर आहे. तापमान २८ अंशांनी वाढवायचं आहे. तिघांचा गुणाकार केला की सुमारे २,९५६ किलोवॅट येतात. एवढी उष्णता वाफेकडून घ्यायची तर तासाला पावणेपाच टनांच्या आसपास वाफ खर्ची पडते.

आता देणाऱ्याकडे बघू. कंडेन्सेट ९० अंशांवर येतंय आणि ते ५० पर्यंत थंड करायचं ठरवलं. पाण्याच्या एका किलोमागे एका अंशाला ४.२ किलोज्यूल, उतार ४० अंशांचा. २,९५६ किलोवॅट मिळवायला सेकंदाला १७.६ किलो, म्हणजे तासाला सुमारे ६३ टन कंडेन्सेट लागेल. हा जमाखर्च सर्वांत आधी जुळला पाहिजे. कंडेन्सेट तेवढं नसेल, तर कितीही मोठा एक्सचेंजर घेतला तरी रस ६० वर जाणार नाही.

दोन्ही प्रवाह एकाच टोकाने आत घेतले आणि एकाच दिशेने नेले तर काय होईल? सुरुवातीला फरक ५८ अंशांचा असेल, उष्णता जोरात जाईल, पण पुढे रस चढत जाईल, पाणी उतरत जाईल आणि दोघं एका तापमानाला येऊन भेटतील. आपल्या आकड्यांत ती भेट ५६ अंशांवर होते. तिथून पुढे नळ्या मैलभर लांबवल्या तरी रस एका अंशानेही वर जाणार नाही. आपल्याला तर रस ६० वर आणि पाणी ५० वर हवंय, म्हणजे तापवणारा द्रव बाहेर पडताना तापणाऱ्यापेक्षा थंड असायला हवा. ऐकायला हे अशक्य वाटतं, पण प्रवाह एकमेकांच्या विरुद्ध दिशेने नेले की ते सहज होतं. ९० अंशांचं पाणी जिथून शिरतं तिथेच रस ६० वर बाहेर पडतो, तिथे फरक ३० अंशांचा. दुसऱ्या टोकाला पाणी ५० वर बाहेर जातं आणि रस ३२ वर आत येतो, तिथे फरक १८. मध्ये कुठेही पाणी रसापेक्षा थंड होत नाही. या मांडणीला काउंटरफ्लो म्हणतात.

फरक एका टोकाला ३०, दुसऱ्याला १८. मग हिशेबात कोणता धरायचा? साधी सरासरी २४ येते. पण हा फरक नळीभर सरळ रेषेत कमी होत नाही. नळीच्या प्रत्येक तुकड्यातून किती उष्णता जाईल, हे त्या तुकड्यातल्या फरकावर ठरतं. फरक जास्त तिथे उष्णता जास्त जाते, त्यामुळे फरकाचं बदलणंही तिथे जास्त. दर मीटरला फरक ठरावीक अंशांनी घटत नाही, ठरावीक टक्क्यांनी घटतो, चक्रवाढ व्याजाने मुद्दल वाढतं तसा, फक्त उलट्या दिशेने. म्हणूनच क्षेत्रफळाच्या बरोबर मध्यावर फरक २४ नसून २३.२ असतो. अशा घटीची खरी सरासरी काढायची तर लॉगरिदम वापरावा लागतो:

LMTD = (ΔT1 − ΔT2) / ln(ΔT1 / ΔT2)

टोकांच्या फरकांची वजाबाकी १२, त्यांचं गुणोत्तर १.६७, त्याचा नैसर्गिक लॉग ०.५११. भागाकार २३.५ अंश. (दोन्ही टोकांना फरक सारखाच असेल तर सूत्र शून्य भागिले शून्य दाखवतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, नळीभर तोच फरक आहे, तोच धरायचा.)

२४ आणि २३.५ यांत एवढा कमी फरक असेल तर लॉगचा खटाटोप कशाला, असं वाटेल. दोन्ही टोकांचे फरक जवळपास असले की साधी सरासरी चालून जाते. खरा प्रश्न हाव वाढली की येतो. समजा व्यवस्थापनाने म्हटलं, कंडेन्सेट ५० वर कशाला सोडता, ३६ पर्यंत पिळून घ्या. तेवढ्याच पाण्यातून ३५ टक्के जास्त उष्णता मिळेल, रस जवळजवळ ७० वर जाईल. आता एका टोकाचा फरक २० आणि दुसऱ्याचा अवघा ४. साधी सरासरी १२ दाखवते, लॉगची १०. आणि क्षेत्रफळ? ते सव्वातीन पटींच्या जवळ जातं. उष्णता ३५ टक्के जास्त, यंत्र तिपटीहून मोठं. मला या पद्धतीचा सर्वांत मोठा उपयोग इथेच वाटतो. शेवटच्या काही अंशांची किंमत ती खरेदीच्या आधीच कागदावर दाखवते.

क्षेत्रफळ काढायचं सूत्र असं:

Q = U × A × LMTD

Q म्हणजे द्यायची उष्णता, A म्हणजे क्षेत्रफळ. U म्हणजे एका चौरस मीटर भिंतीतून, एका अंशाच्या फरकाला, किती वॅट जातात तो आकडा. Q आणि LMTD आपण नेमके काढले. U मात्र अंदाजावर उभा असतो आणि सगळ्या हिशेबात तोच सर्वांत कच्चा दुवा आहे. पुस्तकातल्या तक्त्यातून एक आकडा उचलून पुढे जाण्यापेक्षा तो कशाचा बनला आहे हे पाहावं.

कंडेन्सेटमधून रसात जाताना उष्णतेला पाच थर ओलांडावे लागतात. नळीच्या बाहेर पाण्याचा एक पातळ, मंद थर असतो. मग बाहेरून बसलेला थोडा मळ, मग दीड मिलिमीटर जाडीची स्टेनलेस स्टीलची भिंत, मग आतून बसलेली खपली आणि शेवटी रसाचा मंद थर. प्रत्येकाचा विरोध मोजता येतो आणि विरोधांची बेरीज होते. दर सेकंदाला एक-सव्वा मीटर वेगाने वाहणाऱ्या प्रवाहांना शोभतील असे गोल आकडे घेऊ. दोन्ही मंद थरांना प्रत्येकी ०.०००२, भिंतीला ०.०००१, बाहेरच्या मळाला ०.०००१ आणि रसाकडच्या खपलीला ०.०००४. दहा हजारांशांत बोलायचं तर २, २, १, १ आणि ४. बेरीज १०, म्हणून U होतो १,०००. मळ आणि खपली वगळली तर बेरीज ५ उरते आणि U दुप्पट, २,००० होतो. या नळ्यांत स्टील उष्णतेला फारसं अडवतच नाही. तांब्यासारखा उत्तम वाहक वापरला तरी दहातला जेमतेम एक भाग वाचेल. दहातले चार भाग एकट्या रसाच्या खपलीचे आहेत.

कच्च्या रसात माती असते, बारीक भुसा असतो, क्षार असतात, हे सगळं नळीच्या आत बसतं. म्हणूनच रस नळ्यांच्या आतून न्यायचा आणि कंडेन्सेट बाहेरून. सरळ नळीत ब्रश घालता येतो, नळ्यांच्या जुडग्यात बाहेरून घालता येत नाही.

आता भागाकार. २,९५६ किलोवॅट म्हणजे २९,५६,००० वॅट, त्याला १,००० आणि २३.५ यांनी भागलं की सुमारे १२६ चौरस मीटर.

अनेक ठिकाणी हिशेब इथे थांबतो आणि चौकशीपत्र निघतं: १२६ चौरस मीटरचा काउंटरफ्लो शेल अँड ट्यूब एक्सचेंजर हवा. पण या क्षेत्रफळाला अजून आकार नाही. बाहेरून २५ आणि आतून २२ मिलिमीटर व्यासाची नळी घेऊ. तिची एका मीटर लांबीला बाहेरची भिंत ०.०७८५ चौरस मीटर. १२६ चौरस मीटर करायला एकूण सुमारे १,६०० मीटर नळी लागते. बाजारात सहज मिळणारी सहा मीटरची लांबी धरली तर २६८ नळ्या. एकाच शेलमध्ये त्या बसवल्या, रस सगळ्यांतून एकाच वेळी एकाच दिशेने सोडला, पाणी उलट्या दिशेने. झालं काउंटरफ्लो.

पण एवढ्या नळ्यांत रस वाटला गेला की प्रत्येक नळीतला वेग सेकंदाला पाव मीटरवर येतो. आपण U काढला तो सव्वा मीटरच्या आसपासच्या वेगाने. वेग घटला की रसाचा मंद थर जाड होतो, माती आणि भुसा तळाशी बसायला लागतो आणि १,००० चा U कागदावरच राहतो. वेग १.२ मीटर ठेवायचा तर रस एका वेळी ५८ नळ्यांतूनच गेला पाहिजे, आणि मग प्रत्येक नळी जवळजवळ २८ मीटर लांब हवी.

इतकी लांब नळी कारखान्यात बसत नाही. सोपा वाटणारा उपाय असा की शेल एकच ठेवायचा आणि रसाला आत फेऱ्या मारायला लावायच्या, एकदा पुढे, एकदा मागे. वेग टिकतो, जागा वाचते आणि असे एक्सचेंजर सगळीकडे दिसतात. पण दोन फेऱ्यांतली एक पाण्याच्या उलट दिशेने जाते, तर दुसरी पाण्याबरोबर. ती आता काउंटरफ्लो राहिली नाही. अशा मांडणीसाठी LMTD ला F या दुरुस्तीच्या आकड्याने गुणतात. बोमन, म्युलर आणि नेगल यांनी १९४० साली या F ची सूत्रं आणि आलेख एकत्र मांडले आणि आजही तेच वापरले जातात. F ०.८ च्या खाली गेला की ती मांडणी टाळावी, असा अभियंत्यांचा जुना नियम आहे. आपल्या चार तापमानांना शेलमध्ये एक फेरी आणि नळ्यांत दोन फेऱ्या या मांडणीसाठी सूत्र लावलं, तर ऋण संख्येचा लॉग काढायची वेळ येते. म्हणजे F लहान येत नाही, तो अस्तित्वातच नाही. एकाच शेलमध्ये मागेपुढे करणाऱ्या नळ्यांनी रस ६० वर आणि पाणी ५० वर कधीच आणता येणार नाही, कारण परतीच्या फेरीतला तापलेला रस थंड झालेल्या पाण्याला स्वतःचीच उष्णता परत देऊ लागतो. इव्हॅपोरेटरच्या वाफेवर चालणारा रसाचा हीटर मात्र अनेक फेऱ्यांचा असूनही उत्तम चालतो. तिथे वाफ सगळीकडे एकाच तापमानाला पाणी होते, दिशेचा प्रश्नच उरत नाही, F एक असतो. वाफेच्या हीटरचा अनुभव पाण्यावरच्या हीटरला तसाच लावला, की यंत्र बसल्यावर रस ५०-५५ च्या पुढे का जात नाही याचा शोध सुरू होतो. दोष नळ्यांत किंवा पंपात शोधला जातो, तो असतो मांडणीत.

आपल्या उदाहरणाला योग्य मार्ग म्हणजे सहा-सहा मीटरचे पाच शेल एकापुढे एक जोडणं. प्रत्येकात ५८ नळ्या, रस पहिल्यातून पाचव्याकडे, पाणी पाचव्यातून पहिल्याकडे. एकूण लांबी ३० मीटर, क्षेत्रफळ सुमारे १३७ चौरस मीटर. शेलच्या आत आडव्या पट्ट्या, म्हणजे बॅफल, बसवलेल्या असतात. त्यांच्यामुळे पाणी नळ्यांवरून नागमोडी जातं आणि त्याचाही वेग राखला जातो. पाच शेल एकमेकांवर रचले की जागाही फार लागत नाही. जोड आणि टोकाची झाकणं जास्त येतात, पंपाला थोडा जास्त दाब द्यावा लागतो. ही किंमत मान्य करूनच काउंटरफ्लो विकत घ्यावा लागतो.

लागत होते १२६, आपण घेतोय १३७. नऊ टक्क्यांच्या आसपासची ही शिल्लक पुरेशी आहे असं माझं मत आहे. खपलीची तरतूद U मध्ये आधीच केली आहे, त्यावर पुन्हा सुरक्षितता म्हणून ४०-५० टक्के वाढवण्याची सवय मला घातक वाटते. ते क्षेत्रफळ बहुधा नळ्यांची संख्या वाढवून आणलं जातं. ५८ च्या जागी ८७ नळ्या टाकल्या की वेग १.२ वरून ०.८ वर येतो, खपली लवकर धरते आणि ज्या खपलीच्या भीतीने नळ्या वाढवल्या तीच वाढते. क्षेत्रफळ वाढवायचंच असेल तर लांबी वाढवावी, म्हणजे आणखी एक शेल जोडावा. वेगाला हात लावू नये.

यंत्र चालू झालं की हेच सूत्र उलटं वापरता येतं. गाळप हंगामाच्या पहिल्या दिवशी नळ्या स्वच्छ असतात, U २,००० च्या जवळ असतो आणि रस ६० ऐवजी ६७ अंशांवर बाहेर येतो. हे बघून कुणी म्हणेल, एक्सचेंजर गरजेपेक्षा मोठा घेतला. तसं नाही. ते सात अंश खपलीसाठी राखून ठेवलेले आहेत आणि हंगाम पुढे सरकेल तसे ते खर्च होतात. या काळात रस जास्त तापतो म्हणून कंडेन्सेटचा प्रवाह कमी करायलाही हरकत नाही, पण रसाचा वेग कमी करू नये.

काही आठवड्यांनी नोंदी अशा आल्या असं धरू: रस ३२ वरून ५७, कंडेन्सेट ९० वरून ५४.३, दोन्हींचे प्रवाह तेच. आधी जमाखर्च तपासायचा. रसाने घेतलेली उष्णता २,६४० किलोवॅट, पाण्याने दिलेलीही तितकीच. दोन्ही जुळले नाहीत तर पुढे जाऊ नये, कुठला तरी थर्मामीटर किंवा फ्लोमीटर चुकतोय. ते जुळले, म्हणून टोकांचे फरक घेऊ: ३३ आणि ३५.७ च्या उताराने उरलेले २२.३. LMTD २७.३. उष्णतेला क्षेत्रफळ आणि LMTD यांनी भागलं की U ७०६ च्या आसपास येतो. एकूण विरोध दहा हजारांशांत १४.२. त्यातले ५ स्वच्छ यंत्राचे, उरलेले ९.२ मळ आणि खपलीचे. आपण फक्त ५ ची परवानगी दिली होती.

गंमत अशी की इथे LMTD २३.५ वरून २७.३ झाला, म्हणजे वाढला. फरक वाढला तरी उष्णता कमी जातेय, हीच भिंत जाड झाल्याची खूण आहे. नुसतं रसाचं तापमान पाहणाऱ्याला हे कळत नाही, कारण कंडेन्सेट कमी आलं किंवा गार आलं तरी रस ५७ वर येऊ शकतो. तेव्हा U जागच्या जागी राहतो. म्हणून चारही तापमानं आणि दोन्ही प्रवाह रोज एकाच वेळी नोंदावेत आणि U चा आलेख ठेवावा. तो हळूहळू उतरत असेल तर खपली बसतेय. एका दिवसात कोसळला तर खपलीला दोष देऊ नये. एखादा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहून पाणी शेलला वळसा घालून जातंय, शेलच्या माथ्यावर हवा अडकली आहे किंवा नळ्यांच्या तोंडाशी भुसा जमून बऱ्याच नळ्या बंद झाल्या आहेत, यांपैकी काही तरी असतं. नळ्या बंद झाल्या असतील तर रसाच्या पंपाचा दाबही त्याच दिवशी चढलेला दिसेल.

आणखी एक गोष्ट U सांगत नाही: गळती. नळी किंवा तिचा जोड गळू लागला आणि रसाचा दाब जास्त असेल, तर रस कंडेन्सेटमध्ये उतरतो. U वर त्याचा काही परिणाम दिसत नाही, पण ते पाणी पुढे बॉयलरकडे वळवलं गेलं तर साखरेने बॉयलरचं गंभीर नुकसान होतं. कारखान्यांच्या प्रयोगशाळा त्यासाठी कंडेन्सेटचा नमुना अल्फा-नॅफ्थॉलने तपासतात. साखर असेल तर जांभळट कडं दिसतं. या एक्सचेंजरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना त्या तपासणीत वेगळा घ्यावा आणि पाचही शेलच्या बाहेर त्यासाठी छोटा कॉक ठेवावा, म्हणजे गळती सापडली की पाचातला नेमका कोणता शेल उघडायचा हे लगेच कळतं.